बियाणे कंपनीचा गोपनीयता करार: ‘सर्व माहिती’, पाच वर्षं आणि दहा लाख

प्रश्न: बी.एस्सी. ॲग्री झालंय. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मका विभागात ट्रायल असिस्टंट म्हणून लागतोय. एचआरने सहा पानी इंग्रजी गोपनीयता करार हातात दिलाय. त्यात ‘सर्व माहिती’ गोपनीय म्हटलंय, नोकरी सोडल्यावर पाच वर्षं बंधन आहे आणि करार मोडला तर दहा लाख, असं लिहिलंय. नेमकं गोपनीय काय, पाच वर्षं म्हणजे कशी मोजायची, आणि दहा लाख खरंच भरावे लागतात का?

उत्तर:

सही करायला हरकत नाही, पण दोन-तीन ओळी बदलून मागा. कुठल्या ते पुढे येईलच. आधी दहा लाखांची भीती थोडी बाजूला ठेवा. तो आकडा आपोआप वसूल होत नाही. पण तो नुसता धाक आहे असंही समजू नका, कारण बियाण्याच्या धंद्यात त्याला इतर धंद्यांपेक्षा जास्त वजन आहे.

त्यासाठी कंपनी नेमकं काय जपते ते बघा. संकरित मक्याचं पाकीट कुणीही दुकानातून विकत घेतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ते बियाणं ज्या दोन वाणांच्या संकरातून तयार होतं ते नर आणि मादी वाण मात्र बाजारात येत नाहीत. पारंपरिक पद्धतीनं असा एक वाण स्थिर करायला सात-आठ पिढ्या सेल्फिंग, म्हणजे झाडाचं त्याच्याच परागकणांनी परागीभवन, करावं लागतं. त्यानंतर शेकडो जोड्या लावून कोणती जोडी चांगली चालते ते तपासायचं. ही सगळी वर्षांची मेहनत शेवटी मूठभर दाण्यांत आणि फील्ड बुकातल्या एका ओळीत मावते. तुम्ही ट्रायलवर असाल, म्हणजे या दोन्ही गोष्टी रोज तुमच्या हाताखालून जाणार.

आता ‘सर्व माहिती’. करार लिहिणारे वकील जाळं मोठंच टाकतात, पण वाद कोर्टात गेला की कोर्ट साधारण तीन गोष्टी बघतं. ही माहिती धंद्यातल्या इतरांना सहज मिळण्यासारखी आहे का? ती गुप्त असल्यामुळे कंपनीला काही फायदा होतो का? आणि ती गुप्त राहावी म्हणून कंपनीनं स्वतः काही काळजी घेतली होती का? तिसरा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फील्ड बुक कुलपात, वाणांना सांकेतिक नंबर, नंबर कुणाचा कोण याची यादी फक्त ब्रीडरकडे, प्लॉटवर येणाऱ्याची नोंद, अशी व्यवस्था असेल तर कंपनीचा दावा भक्कम ठरतो. तीच यादी ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेली असेल तर कंपनीला ती गुपित म्हणवून घेणं अवघड जाईल.

तुमच्या कामात हमखास गोपनीय धरावं असं सांगतो. नर-मादी वाणांचं बियाणं, कोवळं कणीस, परागकण, पानाचा तुकडासुद्धा. सांकेतिक नंबर आणि खऱ्या वाणाची जुळणी. कोणता संकर कुठल्या जोडीतून आला ते. बाजारात न आलेल्या वाणांचे ट्रायलचे आकडे, आणि त्यात नापास झालेलेही. नापास वाणांची यादी हाती लागली तर प्रतिस्पर्ध्याची दोन हंगामांची मेहनत वाचते, हे नवीन मुलांच्या डोक्यात पटकन येत नाही. मूलभूत बियाण्याचे प्लॉट कुठल्या गावात, कुणाच्या शेतात आहेत हेही त्यातच धरा. बीजोत्पादन करणाऱ्या ऑर्गनायझरला कंपनी काय दर देते तेही.

जे गोपनीय नाही तेही तितकंच स्पष्ट माहीत हवं. तुरे कधी काढायचे, कणसाला पिशवी कधी घालायची, परागीभवनाची वेळ, ट्रायलची मांडणी, मातीचा आणि पावसाचा अंदाज हे तुमचं कसब झालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा दुसऱ्या कॉलेजात जे शिकलात ते तुमचं. पाकिटावर, जाहिरातीत, शासकीय राजपत्रात छापलेलं सगळ्यांचं. हे कसब घेऊन तुम्ही उद्या कुठल्याही कंपनीत जाऊ शकता, आणि करारात काहीही लिहिलं तरी त्यावर कंपनीचा हक्क होत नाही.

कसब आणि गुपित यांच्यातली रेघ कधीकधी बारीक असते. ओळखायची एक सोपी रीत आहे. तीच गोष्ट दुसऱ्या कंपनीतला तुमच्याइतकाच अनुभवी माणूस आपली आपण करू शकेल का? करू शकेल तर ते कसब. ती करायला त्याला या कंपनीचं बुक उघडावं लागणार असेल तर ते गुपित. आणि इथे एक गैरसमज आहे. ‘मी कागद नेला नाही, डोक्यात होतं तेवढंच सांगितलं’ हा बचाव होत नाही. पाठ केलेली जोडी सांगणं आणि कागद देणं यात करारापुरता फरक नाही. फक्त सिद्ध करणं कंपनीला जड जातं.

म्हणून पहिला बदल हा मागा. गोपनीय माहितीच्या व्याख्येखाली चार अपवाद असावेत: जी आधीच सार्वजनिक आहे किंवा तुमच्या चुकीशिवाय सार्वजनिक झाली, जी नोकरीआधीच तुम्हाला माहीत होती, जी तुम्हाला तिसऱ्या माणसाकडून रीतसर मिळाली, आणि जी कायद्यानं किंवा कोर्टाच्या आदेशानं सांगावी लागते. हे अपवाद जवळपास प्रत्येक नीट लिहिलेल्या करारात असतात, त्यामुळे मागायला संकोच नको. त्यांच्यासोबत एक ओळ जोडायला सांगा: ‘कर्मचाऱ्याचं सर्वसाधारण ज्ञान, कौशल्य आणि अनुभव ही गोपनीय माहिती नव्हे.’ एचआर सहसा नाही म्हणत नाही.

आता मुदत. करारात दोन मुदती असतात आणि त्या एकात एक मिसळलेल्या असतात. एक, नोकरी चालू असेपर्यंत. दुसरी, नोकरी सुटल्यावर अमुक वर्षं. तुमची पाच वर्षं म्हणजे ही दुसरी. ती सहीच्या तारखेपासून मोजायची नसून नोकरी सुटल्याच्या तारखेपासून, पण हे करारात स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. तारखेच्या घोळातून पुढे भांडणं होतात. समजा तुम्ही ३० जून २०२८ ला बाहेर पडलात, तर बंधन ३० जून २०३३ पर्यंत. ट्रायलच्या आकड्यांसाठी एवढी मुदत रास्त आहे, कारण तोवर ते वाण एकतर बाजारात आलेले असतील नाहीतर टाकून दिलेले असतील.

नर-मादी वाणांना मात्र पाच वर्षांत जुनेपणा येत नाही. चांगला मादी वाण पंधरा-वीस वर्षंही चालतो. म्हणून पुष्कळ करारांत शेवटी एक ओळ असते की व्यापारी गुपित असलेल्या माहितीवरचं बंधन ती गुप्त असेपर्यंत राहील. ही ओळ असेल तर पाच वर्षांचा आकडा वाणांना लागूच नाही. ती गैर नाही आणि ती काढून मागण्यात अर्थ नाही. फक्त पाच वर्षांनी सगळं मोकळं झालं असं समजू नका.

मुदतीच्याच कलमात आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती शोधा: ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कोणत्याही बियाणे कंपनीत काम करणार नाही.’ हे गोपनीयतेचं कलम नाही, धंद्याला मज्जाव करणारं आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी संपल्यानंतरचा असा मज्जाव आपल्याकडे टिकत नाही. नोकरी चालू असताना तो टिकतो. याचा जुना निवाडा महाराष्ट्रातलाच आहे. कल्याणजवळच्या कारखान्यातल्या पाच वर्षांच्या करारावरच्या कर्मचाऱ्यानं मुदत संपायच्या आत प्रतिस्पर्धी कंपनी गाठली. निरंजन गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये त्या पाच वर्षांच्या उरलेल्या काळापुरती मनाई कायम ठेवली. करार संपल्यानंतरचा मज्जाव कलम २७ खाली रद्दच, हे त्याच न्यायालयानं पुढे २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानच्या खटल्यात पुन्हा सांगितलं. तेव्हा दुसऱ्या कंपनीत जायला तुम्ही मोकळे आहात, पण तिथे जाऊन इथलं गुपित सांगायला नाही. हे कलम दिसलं तर काढून मागा. नाहीच काढलं तरी घाबरून पुढची चांगली नोकरी नाकारू नका.

आता दहा लाख. समजा असं घडलं: ट्रायल असिस्टंटनं रब्बीच्या ट्रायलची एक्सेल शीट ‘घरी बसून काम करतो’ म्हणून स्वतःच्या जीमेलवर पाठवली. चार महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला. जाताना प्लॉटवरून एका मादी वाणाचं एक कणीस पिशवीत गेलं. एका कणसात तीन-चारशे दाणे धरा. पुढच्या हंगामात ते लावून पिशव्या घालून सेल्फिंग केलं, तर प्रत्येक झाडाचं एक कणीस, म्हणजे लाखभर दाणे. दोन हंगामांत नवी कंपनी त्या वाणावर बीजोत्पादन करू शकते. इथे पैशानं भरपाई करून वाण परत येत नाही, आणि म्हणूनच कंपनीचा वकील आधी पैसे मागत नाही.

तो आधी नोटीस पाठवतो: माहिती आणि साहित्य परत करा, कुणाकुणाला दिलं ते लिहून द्या. नोकरी चालू असेल तर त्याच वेळी अंतर्गत चौकशी आणि निलंबन. लगोलग दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा अर्ज, आणि त्यात नवी कंपनीसुद्धा प्रतिवादी. प्रकरण तातडीचं असेल तर दुसऱ्या बाजूचं ऐकण्याआधीच तात्पुरता हुकूम मिळू शकतो. कनिष्ठ कर्मचाऱ्याला सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो, कारण नवी कंपनी कोर्टाची कटकट नको म्हणून त्याला काढून टाकते. दहा लाखांचा विषय अजून निघालेलाही नसतो.

नुकसानभरपाई त्यानंतर. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी कोर्ट देईल ती रास्त भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. कैलाश नाथ विरुद्ध डीडीए या २०१५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नुकसान झालंच नसेल तर भरपाई नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. पण त्याच निवाड्यात एक सवलत आहे: नुकसान मोजणं अवघड किंवा अशक्य असेल, तर करारातला आकडा खरोखर आधी काढलेला अंदाज असल्यास तो धरता येतो. फुटलेल्या मादी वाणाचं नुकसान मोजणं अवघडच. म्हणून सुरुवातीला म्हटलं की या धंद्यात त्या आकड्याला वजन आहे. उलट, एखाद्यानं मित्राला फक्त ऑर्गनायझरचा दर सांगितला आणि त्यातून काहीच घडलं नाही, तर दहा लाखांचा दावा कोर्टात उभा राहणं कठीण. म्हणून दुसरा बदल मागा: ‘दहा लाख’च्या जागी ‘सिद्ध झालेलं प्रत्यक्ष नुकसान, कमाल दहा लाख’. हा बदल सगळ्या कंपन्या मान्य करत नाहीत. मागून बघा, नाही म्हणाले तर अडून बसू नका.

एक गोष्ट नक्की. दहा लाख मागितले म्हणून ते देणं लगेच लागू होत नाही. नुकसान किती ते कंपनी स्वतःच ठरवून तुमच्या पगारातून कापू शकत नाही. त्यासाठी कोर्ट किंवा लवाद लागतो. दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षं. लवादाचं ठिकाण किंवा कोर्टाचं कार्यक्षेत्र हैदराबाद लिहिलेलं असेल तर ते आत्ताच बघून ठेवा. बऱ्याच बियाणे कंपन्यांची मुख्यालयं तिकडे आहेत, आणि वेळ आली तर जालन्याहून तारखांना जाण्याचा खर्च तुमचा.

फौजदारी बाजू थोडक्यात. कंपनीच्या कॉम्प्युटरवरून परवानगीशिवाय डेटा उतरवून घेणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. ते अप्रामाणिक हेतूनं केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्मचाऱ्यानं विश्वासानं सोपवलेला माल किंवा कागद लांबवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागू शकतं, त्यात नोकरासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वरच्या उदाहरणातलं कणीस याच कलमात जाण्यासारखं.

‘कुणाला कळणार?’ असं वाटत असेल तर एक परदेशी खटला सांगतो. अमेरिकेत पायोनियर कंपनीनं होल्डन फाउंडेशन सीड्स या कंपनीवर मक्याचे मूळ वाण लांबवल्याचा दावा केला होता. १९९४ मध्ये अपील कोर्टानं सुमारे ४.६७ कोटी डॉलरची भरपाई कायम ठेवली. वाण कुठून आला हे तेव्हा शेतातल्या चाचण्या आणि प्रयोगशाळेतल्या विश्लेषणावरून दाखवलं गेलं. आता डीएनए चाचणीनं दोन वाण एकच आहेत का ते फार कमी खर्चात आणि जास्त खात्रीनं कळतं. तुमच्या जीमेलला गेलेली शीट तर कंपनीच्या मेल सर्व्हरवर तारीख-वेळेसह असतेच.

प्रत्यक्षात गुपितं फुटतात ती अशा चोरीनं कमी आणि सवयीनं जास्त. ट्रायल प्लॉटवर सेल्फी, मागे पाटी आणि पाटीवर सांकेतिक नंबर, आणि फोटोत लोकेशन चालू. तो फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला गेला की कॉलेजच्या बॅचमधली सगळी मुलं बघतात, त्यातली निम्मी जालना, सिल्लोड, देऊळगाव राजा या पट्ट्यातल्या दुसऱ्या कंपन्यांत असतात. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा आणि कामाचे फोटो कंपनीच्याच फोनवर किंवा ॲपवर घ्या. दुसरी जागा म्हणजे मुलाखत. ‘तिकडे सध्या कोणकोणत्या एन्ट्री ट्रायलला आहेत?’ असं कुणी सहज विचारलं तर ‘ते सांगता येणार नाही’ एवढं पुरे. चांगली कंपनी त्याचा राग धरत नाही.

हा करार तुमचं तोंड कायमचं बंद करत नाही. सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के ठरलेली आहे. लॉट त्याखाली उतरला असताना पाकिटावर भलतंच छापून विकला जात असेल, तर कृषी विभागाच्या बियाणे निरीक्षकाकडे तक्रार केल्याबद्दल कंपनी तुमच्यावर हा करार चालवू शकत नाही. बेकायदा गोष्ट झाकण्यासाठीचा करार करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दच. पगार थकला म्हणून कामगार अधिकाऱ्याकडे जाणं, लैंगिक छळाची तक्रार करणं, पोलिसांत जाणं यांनाही तो आडवा येत नाही. फक्त तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे आणि लागतील तेवढ्याच कागदांनिशी करा. तेच कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर हे संरक्षण पातळ होतं.

सहीच्या दिवशी काही गोष्टी देऊ नका. करारासोबत तारण म्हणून सही केलेला कोरा चेक मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. करारातले दहा लाख कोर्टात सिद्ध करावे लागतात, पण तोच आकडा चेकवर पडून चेक परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला होतो आणि देणं नव्हतं हे दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रही ठेवून देऊ नका, पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या. प्रत्येक पानावर सही झालेली तुमची प्रत त्याच दिवशी मागा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तो नसला म्हणजे करार रद्द असं नाही, शुल्क आणि दंड भरून तो नंतर पुराव्यात आणता येतो, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

सोडताना फील्ड बुक, बियाण्याचे नमुने, पिशव्यांवरची लेबलं, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह यांची यादी करून द्या आणि पोच घ्या. स्वतःच्या फोनवरचा कामाचा डेटा काढायचा असेल तर आधी एचआरला मेलवर विचारा आणि त्यांच्या उत्तरानंतरच काढा. राजीनाम्याच्या आठवड्यात कुणालाही न विचारता सगळं पुसलं, तर तुमचा हेतू कितीही साधा असो, कोर्टात ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं.

आणि चुकून काही गेलंच, म्हणजे शीट भलत्या ग्रुपवर पडली किंवा पाटीचा फोटो स्टेटसला गेला, तर गुपचूप डिलीट करून बसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, मग सगळ्यांसाठी डिलीट करा, ज्यांनी बघितलं असेल त्यांना पुसायला आणि पुढे न पाठवायला लेखी सांगा, आणि त्याच दिवशी वरिष्ठांना मेल करा: काय गेलं, किती वाजता, किती जणांकडे, आणि तुम्ही काय केलं. लगेच कळवलेली चूक बहुतेक वेळा लेखी समजेवर मिटते. तीच चूक तीन महिन्यांनी कंपनीला दुसरीकडून कळली तर तिला चूक कुणी म्हणत नाही.